भाव अडला की चिठ्ठ्या निघतात: आयपीओचा भाव आणि वाटप कसं ठरतं

हर्णैच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव लागतो तेव्हा वाळूवर ढीग ओतला जातो, लिलाव करणारा एक आकडा पुकारतो आणि तिथून बोली वर सरकत जाते. कुणी दोनशे वाढवतो, कुणी मान हलवून माघार घेतो. शेवटी एकटाच उरतो आणि ढीग त्याच्या नावावर जातो. सगळं मिळून दोन-तीन मिनिटांचं काम.

या लिलावात तीस वर्षं बोली लावलेल्या एक मावशी माझ्याकडे येतात. दापोलीत माझं करसल्ल्याचं छोटं ऑफिस आहे. विवरणपत्र भरायला आलेली माणसं हल्ली हमखास आयपीओचंही विचारतात. गेल्या जुलैत, मासेमारी बंद असताना, मावशींनी एका आयपीओचा कागद पुढे केला आणि म्हणाल्या, "बोली लाव म्हणतोस, नि भाव तर यात आधीच छापलाय. मग बोली कसली रे?"

प्रश्न अगदी वर्मावरचा होता. आयपीओत, म्हणजे कंपनीच्या शेअरच्या पहिल्या सार्वजनिक विक्रीत, ज्याला बुक बिल्डिंग म्हणतात, तो नावाने बोलीचा प्रकार आहे. पण त्यात एक गोष्ट हर्णैच्या लिलावापेक्षा वेगळी आहे आणि पुढचं सगळं तिच्यातूनच निघतं. इथे बोलीला वरून झाकण असतं. ठरलेल्या आकड्याच्या वर कुणाला बोलताच येत नाही. त्यामुळे मागणी कितीही आली तरी ती भावात उतरत नाही. मग तिची वाट दुसरीकडे, म्हणजे वाटपात लागते.

झाकण कोण ठेवतं?

कंपनी आणि विक्रीचं काम पाहायला तिने नेमलेले मर्चंट बँकर मिळून. विक्री खुली होण्याच्या किमान दोन कामकाजी दिवस आधी त्यांना किंमतपट्टा जाहीर करावा लागतो. खालचा भाव आणि वरचा भाव यांत किती अंतर असावं याला शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचा नियम आहे. वरचा भाव खालच्याच्या १२० टक्क्यांपेक्षा जास्त नको आणि २०२२ पासून १०५ टक्क्यांपेक्षा कमीही नको. ही दुसरी अट आली, कारण कंपन्या पट्टा इतका अरुंद ठेवायला लागल्या होत्या की त्याला पट्टा म्हणणं ही निव्वळ औपचारिकता उरली होती. आता बरेच जण नेमके पाच-साडेपाच टक्के ठेवून मोकळे होतात.

हे आकडे हवेतून येत नाहीत. त्याआधीचे काही महिने बँकर मोठ्या म्युच्युअल फंडांना, विमा कंपन्यांना, परदेशी फंडांना भेटत असतात. त्याच धंद्यातल्या, बाजारात आधीच असलेल्या कंपन्यांचे शेअर नफ्याच्या किती पट भावाने चालतात, हे पुढ्यात ठेवून घासाघीस होते. कुठल्या भावाला कोण किती घेईल याचा अंदाज तिथेच लागतो. खरा भाव तिथे ठरतो, असं म्हटलं तरी चालेल. तीन दिवसांच्या विक्रीत तो फक्त पक्का होतो.

या तुलनेचा कागदोपत्री पुरावा तुम्हाला वाचता येतो. विक्रीआधी जे माहितीपत्रक निघतं त्याला रेड हेरिंग प्रॉस्पेक्टस म्हणतात. (हेरिंग हा आपल्या तारलीच्या कुळातला मासा. मिठात मुरवून धुरी दिली की लाल होतो. मावशींना हे एवढंच आवडलं.) या पत्रकात शेवटचा भाव नसतो, पण 'किमतीचा आधार' सांगणारं एक प्रकरण असतं. बाकी पानं वाचायचा कंटाळा आला तरी ते वाचावं. तुलनेला कुठल्या कंपन्या घेतल्या आहेत आणि कुठल्या सोयीस्कर वगळल्या आहेत, हे तिथे दिसतं.

विक्रीच्या एक कामकाजी दिवस आधी आणखी एक गोष्ट होते. म्युच्युअल फंड, विमा कंपन्या अशा मोठ्या संस्थांसाठी राखलेल्या वाट्यातला ६० टक्क्यांपर्यंतचा भाग निवडक मोठ्या गुंतवणूकदारांना आधीच दिला जातो. इंग्रजीत त्यांना अँकर म्हणतात, म्हणजे नांगर. आपल्या वर्तमानपत्रांनी मात्र त्यांचं 'सुकाणू गुंतवणूकदार' केलंय. खलाशाला विचारलंत तर नांगर आणि सुकाणू यांतला फरक तो जरा रागानेच सांगेल. पण इथे दोन्ही शब्द चालतात, कारण हे लोक बोट थांबवतातही आणि तिची दिशाही दाखवतात. त्यांची नावं आणि भाव त्याच रात्री शेअर बाजारांच्या वेबसाइटवर लागतात. त्यांनी पट्ट्याचा वरचा भाव दिला असेल, तर शेवटचा भाव काय लागणार याचं उत्तर विक्री सुरू होण्याआधीच बहुतेक मिळालेलं असतं.

वहीत काय लिहिलं जातं?

एक कल्पित कंपनी घेऊ. ती १ कोटी शेअर विकते आहे, पट्टा १९० ते २०० रुपये, आणि अर्ज ज्या गठ्ठ्यांनी करायचा तो एक लॉट ७० शेअरचा. म्हणजे वरच्या भावाने एका लॉटला १४,००० रुपये. नफ्याची अट पूर्ण करणाऱ्या कंपनीत साधारणपणे निम्मे शेअर संस्थांना, किमान १५ टक्के दोन लाखांहून मोठा अर्ज करणाऱ्यांना आणि किमान ३५ टक्के आपल्यासारख्या दोन लाखांपर्यंतच्या किरकोळ अर्जदारांना असतात. संस्थांच्या ५० लाखांतले ३० लाख सुकाणूवाल्यांनी आदल्या दिवशी उचलले. तीन दिवसांच्या बोलीसाठी उरले ७० लाख.

आता वही, म्हणजेच 'बुक'. प्रत्येक बोलीत दोनच गोष्टी असतात: किती शेअर आणि कुठल्या भावाला. सोयीसाठी सगळे गट एकत्र धरू. समजा २०० ला ४० लाख शेअरची मागणी आली, १९७ ला आणखी १५ लाखांची, १९४ ला आणखी २० लाखांची आणि बाकीची त्याखाली. वरून बेरीज करत या. २०० ला ४० लाख, १९७ पर्यंत उतरलो की ५५ लाख, १९४ पर्यंत उतरलो की ७५ लाख. सत्तर लाखांचा ढीग १९४ ला संपतो. तेव्हा १९४ हा भाव निघतो आणि तो सगळ्यांना एकच. ज्याने २०० म्हटलं त्यालाही १९४ लाच मिळतो. हर्णैत असं कधी होत नाही. तिथे जो जास्त बोलला तो जास्तच देतो. आणि ज्याने १९० म्हटलं तो इथे रांगेतूनच बाहेर.

शेवटचा आकडा कंपनी आणि बँकर ठरवतात, वही त्यांना तो दाखवते. पण वरच्याच भावाला ढीग भरत असेल तर खाली उतरण्याचं त्यांना काही कारण नसतं. आणि चांगल्या बाजारात तसंच होतं. यामागे आपलाही हात आहे. किरकोळ अर्जदाराला 'कट-ऑफ' अशी एक सोय आहे. तिचा अर्थ, 'जो भाव ठरेल तो मला मान्य'. पैसे वरच्या भावाने रोखले जातात, भाव खाली ठरला तर फरक सुटतो. माझ्याकडे येणारे जवळपास सगळे कट-ऑफवरच टिचकी मारतात आणि मीही तेच सुचवतो, कारण १९५ लिहून बसलात आणि भाव २०० निघाला, तर अर्जच फुकट. पण त्याचा परिणाम असा की ही सगळी मागणी वहीत वरच्या भावाच्या ओळीवर जाऊन बसते. भाव खाली ओढायला आपण वहीत काही लिहीतच नाही. ते काम मुख्यतः संस्थाच करू शकतात आणि गरमागरम विक्रीत त्याही करत नाहीत.

म्हणूनच वरचा भाव लागला याचा अर्थ तो भाव बरोबर आहे, असा होत नाही. २०२२ च्या मे महिन्यात एलआयसीचा आयपीओ आला तेव्हा कोकणात एजंटांच्या घरोघरी फेऱ्या झाल्या होत्या, ते अनेकांना आठवत असेल. पट्टा होता ९०२ ते ९४९. भरणा जवळपास तिप्पट झाला. भाव वरचाच, ९४९ ठरला. किरकोळ अर्जदारांना ४५ रुपये आणि पॉलिसीधारकांना ६० रुपये सवलत होती. १७ मे रोजी शेअर बाजारात आला तो राष्ट्रीय शेअर बाजारात ८७२ ला. सवलत धरून पॉलिसीधारकाला तो ८८९ ला पडला होता, म्हणजे त्याचाही पहिल्याच सकाळी तोटा. तिप्पट मागणी खोटी नव्हती. पण पट्ट्याच्या आत मोजलेली मागणी एवढंच सांगते की या भावाला घेणारे पुरेसे आहेत. दुसऱ्या दिवशी झाकण निघाल्यावर ते किती देतील, हे ती सांगत नाही.

मागणी ओसंडून वाहिली की चिठ्ठ्या

आता आपल्या कल्पित कंपनीकडे परत येऊ आणि बाजार गरम धरू. २०० लाच वही तुडुंब भरली. भाव २०० झाला, तो प्रश्न संपला. उरतं वाटप.

किरकोळ वाट्यात ३५ लाख शेअर, म्हणजे बरोबर ५०,००० लॉट. बाजाराच्या वेबसाइटवर दिसतं 'किरकोळ १२ पट'. लोक लगेच म्हणतात, बारात एकाला मिळणार. इथेच गल्लत होते. १२ पट हा मागितलेल्या शेअरचा हिशेब आहे, ६ लाख लॉट मागितले गेले असा. पण चिठ्ठी शेअरवर नव्हे, अर्जावर निघते. नियम असा की किरकोळ गटात शक्य तितक्या जणांना आधी एकेक लॉट द्यायचा. अर्जदारच लॉटपेक्षा जास्त झाले तर सोडत काढायची आणि ज्याचं नाव निघेल त्याला एकच लॉट द्यायचा. अर्ज समजा ४ लाख आले, तर शक्यता आठात एक. बारा नाही.

याचा दुसरा अर्थ खिशाला जास्त भिडणारा आहे. या गटात जास्तीत जास्त १४ लॉट, म्हणजे १,९६,००० रुपयांचा अर्ज करता येतो. ज्याने १४ लॉट मागितले त्याची शक्यताही आठात एकच, आणि लागला तर त्यालाही एकच लॉट. बाकीचे पावणेदोन लाख उगाच अडकून राहिले. गरम विक्रीत एका अर्जात एकच लॉट मागावा. घरात चौघांचे पॅन आणि चौघांची डीमॅट खाती असतील, तर चार अर्ज चार वेगळ्या चिठ्ठ्या होतात. एका पॅनवर दोन अर्ज केले तर मात्र दोन्ही बाद होतात. हा नियम इतका कडक आहे, त्याला कारण आहे. २००५ च्या सुमारास काही विक्रींमध्ये हजारो बनावट डीमॅट खाती उघडून किरकोळ वाटा लाटल्याचं सेबीला सापडलं होतं.

जास्त लॉट मागण्याचा उपयोग कधी होतो? मागणी मंद असेल तेव्हा. समजा ५०,००० लॉटला फक्त ४०,००० अर्ज आले आणि त्यांनी मिळून ६०,००० लॉट मागितले. मग आधी सगळ्यांना एकेक, म्हणजे ४०,००० लॉट गेले. उरलेले १०,००० लॉट ज्यांनी जास्त मागितले होते त्यांना त्यांच्या मागणीच्या प्रमाणात. पण अशा वेळी सगळं हाती पडतंय, याचाच जरा विचार करावा. किनाऱ्यावर एखादा ढीग कुणी बोली न लावता तुमच्याकडे सरकवला, तर आधी वास घेऊन बघता ना?

दोन लाखांहून मोठ्या अर्जदारांचं गणित आणखी कडक आहे. त्यांच्या १५ लाख शेअरपैकी एक तृतीयांश, म्हणजे ५ लाख, दोन ते दहा लाखांच्या अर्जांसाठी. इथला सर्वांत छोटा अर्ज १५ लॉटचा होतो, १,०५० शेअर, २,१०,००० रुपये. आणि देतानाही तेवढेच द्यायचे असतात. म्हणजे ५ लाख शेअर फार तर ४७६ जणांना पुरतात. इथे २०,००० अर्ज आले तर शक्यता सुमारे बेचाळिसात एक. 'मोठा अर्ज केला की जास्त मिळेल' हा समज २०२२ च्या आधीच्या नियमावर बेतलेला आहे, तेव्हा या गटात प्रमाणात वाटप होत असे. संस्थांना अजूनही प्रमाणातच मिळतं. ६० पट भरणा असेल, तर मागितलेल्याचा साठावा हिस्सा.

कुठे घसरतं

मावशींचा पहिला अर्ज कुठल्याही चिठ्ठीपर्यंत पोहोचलाच नाही.

मी त्यांना तिसऱ्या दिवसापर्यंत थांबायला सांगितलं होतं. त्यामागे विचार होता. संस्थांना एकदा लावलेली बोली कमी करता येत नाही की मागे घेता येत नाही, म्हणून त्या बहुधा शेवटच्या दिवशी दुपारीच येतात. पहिल्या दिवशी 'संस्था ०.१ पट' दिसलं म्हणून घाबरायचं नसतं आणि 'किरकोळ ५ पट' दिसलं म्हणून हुरळायचंही नसतं. संस्थांचा आकडा शेवटच्या दुपारी पाहून मग ठरवावं, हे माझं मत आजही तेच आहे. किरकोळ अर्जदाराला विक्री बंद होईपर्यंत अर्ज मागेही घेता येतो.

पण जुलैतला दिवस, पावसाने झोडपलेला. मी तीनच्या सुमारास अर्ज भरला. यूपीआयने अर्ज केला की बँकेकडून फोनवर मंजुरीची विनंती येते आणि ती शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत मान्य करावी लागते. पैसे खात्यातून जात नाहीत, तिथेच रोखले जातात आणि त्यावर व्याज चालू राहतं. मावशी तोवर घरी पोहोचल्या होत्या. त्यांच्या घरात रेंज कुठे, तर मागच्या पडवीच्या एका खांबापाशी. विनंती आली ती पाचाला पाच कमी असताना. चष्मा सापडून पिन टाकेपर्यंत घड्याळ पुढे सरकलं. दुसऱ्या दिवशी माझ्या पडद्यावर ओळ उमटली की मंजुरी मिळाली नाही, अर्ज बाद. वहीत आकडा दिसला होता, पण मोजणीत धरला गेला नाही. विक्रीच्या शेवटी वेबसाइटवर दिसणारा भरणा आणि नंतर जाहीर होणारे वैध अर्ज यांत फरक पडतो, त्याचं एक कारण असले अर्ज. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे अर्ज आईच्या डीमॅटवर आणि यूपीआय मुलाचं. दुसऱ्याच्या खात्यातून आलेला पैसा चालत नाही.

चूक माझी होती. तेव्हापासून मी खेड्यातल्या माणसांचे अर्ज दुसऱ्या दिवशीच भरून, ऑफिसात समोर बसवून मंजुरी घेतो. शेवटच्या दुपारी संस्थांचा आकडा पटला नाही, तर फोन करून अर्ज मागे घेतो.

पुढच्या विक्रीत मावशींचा अर्ज नीट गेला. विक्री बंद झाल्यानंतरच्या पहिल्या कामकाजी दिवशी वाटप ठरतं, त्यानंतरच्या दिवशी लागलेल्यांच्या डीमॅटमध्ये शेअर येतात आणि न लागलेल्यांचे पैसे मोकळे होतात, तिसऱ्या कामकाजी दिवशी शेअर बाजारात उघडतो. सोडत रजिस्ट्रार नावाची संस्था शेअर बाजाराच्या सल्ल्याने काढते. नंतर वर्तमानपत्रात बारीक टाइपातली एक मोठी जाहिरात येते. तिच्यात प्रत्येक गटात वैध अर्ज किती आले आणि कितीजणांमागे एकाला मिळालं, हे छापलेलं असतं. वेबसाइटवरच्या 'इतके पट'पेक्षा हा तक्ता खरा. पुढच्या वेळी अंदाज बांधायला मी ही कात्रणं ठेवतो.

मावशींना लागला नाही. मी जाहिरातीतली त्यांच्या गटाची ओळ बोटाने दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचून घेतली आणि विचारलं, "ज्याला लागला त्याने माझ्यापेक्षा जास्त भाव दिला काय?" नाही म्हटलं, एकच भाव, तुमचाच.

"मग मी हरले कशात?"

चिठ्ठीत, म्हटलं. त्या हसल्या आणि आपले १४,००० कधी सुटणार ते विचारू लागल्या. ते लागलेल्यांना शेअर मिळाले त्याच दिवशी सुटायला हवे होते. न सुटल्यास बँकेने उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये किंवा अर्जाच्या रकमेवर वर्षाला १५ टक्के, यांतलं जे जास्त असेल ते द्यायचं असतं. चौदा हजारांवर १५ टक्के म्हणजे दिवसाला सहा रुपयेसुद्धा होत नाहीत, तेव्हा इथे शंभरच. मी कागदावर हे लिहून दिलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला, पैसे सुटल्याचा मेसेज आलाय म्हणून, आणि त्या मागच्या पडवीच्या खांबापाशीच उभ्या आहेत म्हणून.